पहाटेच्या लग्नासाठी पोहोचण्याची वेळ, माणसांची संख्या आणि प्रत्येकीला लागणारा वेळ लेखी कसा पक्का करावा?

रंगरेषा

नमस्कार. मी गेली तीन वर्षे नवरीचा मेकअप करते. आतापर्यंतची माझी बहुतेक कामे संध्याकाळच्या समारंभांची होती आणि तिथे अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी निभावून जात असे. पुढच्या आठवड्यात शनिवारी मात्र सकाळचे लग्न आहे. नवरीच्या मोठ्या बहिणीने फोनवर सांगितले, "विधी नऊ वाजता सुरू होतील, आम्ही पाच जणी आहोत, तुम्ही चारला या." मी त्या क्षणी होकार दिला आणि फोन ठेवल्यावर कागदावर हिशेब मांडला, तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

माझ्यासोबत केसांचे काम करणारी एक सहकारी येते. मला नवरीच्या मेकअपला ९० मिनिटे लागतात आणि तिच्या केसांना ४५ मिनिटे. बाकीच्यांच्या मेकअपला प्रत्येकी ४० आणि केसांना २५ मिनिटे धरते. सामान मांडायला साधारण २५ मिनिटे जातात. आता मला त्यांना लेखी निश्चिती पाठवायची आहे. चार ही वेळ बरोबर आहे का, आणि त्या संदेशात नेमके काय लिहावे म्हणजे त्या पहाटे कोणाचाच गैरसमज होणार नाही?

ओंजळ

मी नेहमी माणशी एक तास असा सरसकट हिशेब धरते. कोणाला कमी लागतो, कोणाला जास्त, शेवटी बेरीज जुळते. तुमच्याकडे पाच जणी आहेत, म्हणजे पाच तास. नऊमधून पाच वजा केले की चार येतात. तेव्हा त्यांनी सांगितलेली वेळ योग्यच आहे. उगाच फार खोलात गेलात तर त्यांनाही गोंधळल्यासारखे होईल.

कुंचला

ओंजळताई, एकूण श्रमाचा अंदाज बांधायला तुमचा हिशेब वाईट नाही, परंतु वेळ पक्की करताना तो दोन ठिकाणी फसतो. पहिले असे की नऊ ही आपले काम संपण्याची वेळ नाही. नऊ वाजता विधी सुरू होणार असतील तर नवरी त्याच्या बरीच आधी खोलीतून बाहेर पडलेली असते. दुसरे असे की बेरीज जुळली म्हणून प्रत्येकजण आपापल्या वेळेला तयार असते असे नाही. पाच तासांत पाच जणी झाल्या, पण त्यात नवरी शेवटची राहिली आणि बाकीच्यांमध्ये साचलेला सगळा उशीर तिच्या ९० मिनिटांतून कापला गेला, तर त्या बेरजेचा काही उपयोग झाला नाही.

रंगरेषा, तुम्ही त्यांना आधी एकच प्रश्न विचारा: नवरी कपडे घालून, दागिने घालून, पूर्ण तयार अशी किती वाजता हवी आहे? याचे उत्तर बहुतेक वेळा घरच्यांकडे नसते, छायाचित्रकाराकडे असते. ते मिळाले की तिथून मागे मोजत या. पोहोचण्याची वेळ ही आपण ठरवायची गोष्ट आहे, यजमानांनी सांगायची नव्हे, कारण आपल्या हाताचा वेग त्यांना माहीत नसतो.

आणि "पाच जणी" म्हणजे नवरी धरून पाच की नवरी सोडून पाच, हेही विचारा. अठरा वर्षांत माझा सर्वांत जास्त घोटाळा याच एका शब्दाने केला आहे.

खिडकीतला_उजेड

मी लग्नाची छायाचित्रे काढतो, म्हणून या बाजूने लिहितो. विधी नऊला असतील तर मी नवरीची एकटीची आणि जवळच्या माणसांसोबतची छायाचित्रे काढण्यासाठी ४५ मिनिटे मागतो आणि तिथून विधीच्या जागी पोहोचायला पंधरा मिनिटे सोडतो. म्हणजे मला नवरी आठ वाजता पूर्ण तयार हवी असते. माझ्या अनुभवात घरच्यांनी मेकअप करणाऱ्यांना विधीची वेळ सांगितलेली असते आणि मला तयार होण्याची वेळ सांगितलेली असते, आणि या दोन वेळा एकमेकांना कधी भेटलेल्याच नसतात. दोघांनी आठवडाभर आधी एकदा थेट बोलून घेतले तर पहाटेचा निम्मा ताण कमी होतो.

नवी_पहाट

मीही याच महिन्यात सकाळच्या लग्नाची नवरी आहे. माझा प्रश्न असा की पहाटे पाचला केलेला मेकअप दुपारपर्यंत टिकतो का? मला तीच काळजी आहे.

कुंचला

नवी_पहाट, या धाग्याचा विषय वेळ ठरवण्याचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. टिकण्याचा प्रश्न बराचसा सुरुवातीच्या तयारीवर अवलंबून असतो. मॉइश्चरायझर लावल्यावर ते त्वचेत मुरायला पाच-दहा मिनिटे दिली नाहीत तर त्यावरचा फाउंडेशन सरकतो. त्यामुळे तुमच्या कलाकाराने तुमच्यासाठी मागितलेला वेळ कमी करायला सांगू नका. घाईत सर्वांत आधी ही मुरण्याची मिनिटेच गाळली जातात, आणि त्याचा परिणाम दोन-तीन तासांनी नाकाच्या बाजूला दिसतो. बाकी शंका वेगळ्या धाग्यावर विचारल्यात तर मी तिथे सविस्तर लिहीन.

धाकटी_लेक

मी या व्यवसायातली नाही, पण ताईच्या लग्नात हे सगळे ठरवण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून आमच्याकडे काय झाले ते सांगते. मेकअप करणाऱ्या ताई ठरल्याप्रमाणे बरोबर साडेचारला आल्या होत्या. पण त्या आल्या होत्या मुख्य फाटकाशी. फाटकाला कुलूप होते, पहारेकऱ्याला कोणी काही सांगितलेले नव्हते, आणि त्यांच्याकडे माझा नव्हे तर बाबांचा क्रमांक होता, जो बाबांनी रात्री आवाज बंद करून उशाशी ठेवला होता. त्या खोलीत पोहोचल्या तेव्हा पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. त्यानंतर त्यांनी शांतपणे काम केले, कोणालाही बोलल्या नाहीत, पण आईच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली आणि त्या दिवसाच्या छायाचित्रांत ते कळते. चूक आमची होती. मला आजही त्याचे वाईट वाटते.

कुंचला

धाकटी_लेक, हे लिहिल्याबद्दल आभार, कारण निश्चितीच्या संदेशातला पहिला मुद्दा यातूनच निघतो. "पोहोचण्याची वेळ" हा शब्द फसवा आहे. घरच्यांना वाटते की साडेचारला पोहोचल्या म्हणजे साडेचारला काम सुरू झाले. प्रत्यक्षात फाटक, वाहन लावणे, दोन-तीन बॅगा घेऊन लिफ्ट, खोली, खुर्च्या हलवणे, दिवे लावणे, ब्रश मांडणे, आणि मग पहिली व्यक्ती खुर्चीत बसते. म्हणून मी संदेशात दोन वेळा लिहिते: आम्ही खोलीत कधी असू आणि पहिल्या व्यक्तीने खुर्चीत कधी बसायचे. त्याखाली दार उघडणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याचा चालू असलेला क्रमांक. हा माणूस स्वतः मेकअप करून घेणाऱ्यांपैकी नसावा आणि नवरी तर मुळीच नसावी.

रंगरेषा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी आज त्यांच्याशी पुन्हा बोलले. छायाचित्रकाराला नवरी आठ वाजताच हवी आहे. कपडे आणि दागिने घालायला ते अर्धा तास धरतात, म्हणजे माझे आणि सहकारीचे काम साडेसातला संपलेले हवे. आणि कुंचलाताई म्हणाल्या तसेच झाले: पाच जणी म्हणजे नवरी सोडून पाच. नवरीची आई, मोठी बहीण, दोन मैत्रिणी आणि आठ वर्षांची भाची. भाचीला मेकअप नको, फक्त केस हवेत. आईचे केस आखूड आहेत, त्यांना फक्त मेकअप हवा. म्हणजे मेकअपच्या पाच आणि केसांच्या पाच, पण त्या पाच वेगवेगळ्या.

आता मी चारला पोहोचले तर जमेल का, हे कृपया कोणी मांडून दाखवाल का? माझा हिशेब दर वेळी वेगळा येतो आहे.

कुंचला

तो वेगळा येतो कारण तुम्ही मेकअपची आणि केसांची मिनिटे एकत्र मिळवत असाल. दोन माणसे काम करत असतील तर दोन रांगा वेगळ्या मांडाव्या लागतात आणि जी रांग लांब ती वेळ ठरवते.

मेकअपची रांग घेऊ. नवरीचे ९० आणि बाकी चौघींचे प्रत्येकी ४०, म्हणजे २५० मिनिटे. एक उठून दुसरी बसेपर्यंत ब्रश पुसणे, पॅलेट साफ करणे, हात धुणे यांत पाच मिनिटे जातात. अशा चार अदलाबदली म्हणजे २० मिनिटे. एकूण २७०, म्हणजे साडेचार तास. चारला पोहोचलात, ४:२५ला सुरुवात केलीत, तर शेवटची व्यक्ती ८:५५ला उठेल. नवरी मध्येच कधी बसवली तरी विधी सुरू होताना तुम्ही कोणाच्या तरी ओठांवर रंग लावत असाल.

एका मैत्रिणीला नवरीनंतर घ्यायचे ठरवले तरी नवरीपूर्वी तिघी राहतात. त्यांची अदलाबदलीसह १३५ मिनिटे, नवरीचे ९०, मांडणीचे २५ आणि हाताशी ठेवलेली २० मिनिटे, असे २७० होतात. साडेसातमधून साडेचार तास वजा केले की पहाटेचे तीन वाजतात. शिवाय नवरीनंतर घेतलेली मैत्रीण अदलाबदलीची पाच मिनिटे धरून ८:१५ला उठणार, आणि नवरी कपडे घालून आली की तिची अखेरची नजर, म्हणजे कपड्यांना घासून पुसले गेलेले, दागिने घालताना विस्कटलेले नीट करणे, हे काम आठच्या आधी करायचे असते. त्या वेळी तुम्ही दुसरीच्या चेहऱ्यावर असाल.

म्हणून तुमच्यापुढे दोनच प्रामाणिक पर्याय आहेत: तीनला पोहोचणे, किंवा मेकअपसाठी आणखी एक हात नेणे. प्रत्येकीची मिनिटे कमी करून चारची वेळ बसवणे हा तिसरा पर्याय मी मानत नाही.

ओंजळ

मी माझे म्हणणे मागे घेते. दोन रांगांचा विचार मी कधीच केला नव्हता, कारण मी मेकअप आणि केस दोन्ही एकटीच करते. एकटीने करताना माणशी तास जवळपास जुळतो. इथे तो लागू नाही हे पटले. मात्र तीनला बोलावले तर घरच्यांची झोपच होत नाही आणि मग डोळे सुजलेले असतात, त्याला पुन्हा वेळ लागतो. मी दुसरा हात नेण्याच्या बाजूची आहे, फक्त त्या व्यक्तीने आधी तुमच्यासोबत काम केलेले असावे.

पिना_आणि_क्लिपा

मी फक्त केसांचे काम करते आणि क्रमाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. अनेकजणी नवरीचा मेकअप आधी आणि केस नंतर ठेवतात. पहाटेच्या कामात मी उलटे सुचवेन. नवरीच्या केसांनी सुरुवात करावी. कुरळे केलेले केस गुंडाळून क्लिपा लावून ठेवले तर ते मेकअप होईपर्यंत निवांत गार होतात आणि गार झालेला कुरळा टिकतो. सोडून अखेरचा आकार द्यायला शेवटी दहा मिनिटे पुरतात. शिवाय ड्रायरची गरम हवा आणि स्प्रे ताज्या मेकअपवर जात नाही. केस सुरू असताना चेहऱ्याला मॉइश्चरायझर लावून ठेवले की वर कुंचलाताईंनी सांगितलेली मुरण्याची मिनिटेही वेगळी मोजावी लागत नाहीत.

मेकअप आणि केस एकाच वेळी एकाच व्यक्तीवर करून वेळ वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. मी केस ओढले की डोके हलते, आणि त्याच क्षणी समोरची पापणीवर रेघ ओढत असते. वाचवलेली दहा मिनिटे ती रेघ पुसून पुन्हा काढण्यात जातात.

संदेशात एक वाक्य अवश्य घाला: सर्वांनी आदल्या संध्याकाळी केस धुऊन पूर्ण वाळवावेत आणि तेल लावू नये. दाट लांब केस ओले असतील तर ते वाळवण्यातच माझा अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासाची जागा कोणत्याही वेळापत्रकात नसते.

रंगरेषा

मी घरच्यांना दोन्ही पर्याय स्पष्ट सांगितले आणि त्यांनी दुसऱ्या मेकअप कलाकाराला मान्यता दिली. जिला नेणार आहे ती माझ्यासोबत चार समारंभांत होती. आता तुम्ही सर्वांनी सांगितलेले धरून वेळापत्रक मांडले आहे, कृपया तपासा.

आम्ही तिघी ४:३० वाजता खोलीत असू आणि ४:५५ला तीन खुर्च्यांवर एकाच वेळी काम सुरू होईल. केसांच्या खुर्चीत नवरी ४:५५ ते ५:४० बसेल. त्या वेळात मी मोठ्या बहिणीचा मेकअप करीन, तो ५:३५ला संपेल. ५:४०ला नवरी माझ्याकडे येईल आणि ७:१०ला तिचा मेकअप पूर्ण होईल. साडेसातपर्यंतची २० मिनिटे मी मोकळी ठेवली आहेत. केसांच्या खुर्चीत नवरीनंतर बहीण ५:४५ला, पहिली मैत्रीण ६:१५ला, दुसरी ६:४५ला आणि शेवटी भाची ७:१५ ते ७:३०. माझी जोडीदार पहिल्या मैत्रिणीचा मेकअप ४:५५ला, दुसरीचा ५:४०ला आणि आईंचा ६:२५ला सुरू करील, तो ७:०५ला संपेल.

कुंचला

हे नीट जमले आहे. कोणतीही व्यक्ती एकाच वेळी दोन खुर्च्यांत येत नाही आणि नवरी शेवटची नाही. वीस मिनिटे मोकळी ठेवलीत हे मला विशेष आवडले. मात्र ती संदेशात दाखवू नका. "२० मिनिटे राखीव" असे लिहिले की ती कोणाच्या तरी चहाला, फोनला किंवा आणखी एका व्यक्तीला देऊन टाकली जातात. नवरीची वेळ सरळ ५:४० ते ७:३० अशी लिहा.

एका गोष्टीची शंका आहे. तुमची ९० मिनिटे तुम्ही कशी मोजली आहेत? चाचणीच्या दिवशी की प्रत्यक्ष समारंभात?

रंगरेषा

चाचणीला जवळपास दोन तास लागले होते. त्यातून बोलण्याची आणि छटा ठरवण्याची वेळ वजा करून मी ९० धरले.

कुंचला

वजाबाकी करून काढलेल्या आकड्यावर मी पहाटेचे काम बेतणार नाही. छटा ठरलेल्या आहेत, त्यामुळे वेळ वाचेल हे खरे, पण पहाटे दुसऱ्या गोष्टी वेळ खातात: नवरीचे डोळे पाणावतात, कोणीतरी येऊन मिठी मारते, फोन येतो. शक्य असेल तर या आठवड्यात कोणा ओळखीच्या व्यक्तीवर तोच मेकअप पुन्हा करा आणि ती खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंतची वेळ घड्याळाने मोजा. ९० आत आले तर उत्तम. १०० आले तरी तुमच्या वीस मिनिटांत सामावेल. ११०च्या पुढे गेले तर नवरीनंतर काहीही शिल्लक राहत नाही, आणि मग पोहोचण्याची वेळ ४:१५ करणे योग्य होईल.

शांत_सकाळ

आईंना तुमच्या जोडीदाराकडे शेवटी ठेवले आहे, ते मला धोक्याचे वाटते. सहानंतर नातेवाईक येऊ लागतात आणि नवरीच्या आईला प्रत्येकजण काहीतरी विचारत असतो. ६:२५ला त्या खुर्चीपाशी येतील याची खात्री कोण देणार? शिवाय साडेसातला त्यांना मुलीला कपडे घालायला मदत करायची असेल. मी आईला नेहमी पहिल्यांदा घेते, घर शांत असते तेव्हा. आणि वयस्क त्वचेला चाळीस मिनिटे कमी पडतात. थर पातळ आणि सावकाश द्यावा लागतो, नाही तर डोळ्यांखालच्या रेषांत उत्पादन साचते. पन्नास धरा.

कुंचला

पन्नास मिनिटांबद्दल पूर्ण सहमत. क्रमाबद्दल मात्र नाही. आई पहाटे पाचला तयार झाल्या तर पुढचे चार तास त्या धावपळ करतात, घाम पुसतात, रडतात, आणि विधीच्या वेळी त्यांचा मेकअप पुन्हा करण्याच्या अवस्थेत असतो. मी आईला उशिरा घेते आणि त्यांना खुर्चीपर्यंत आणण्याची जबाबदारी दार उघडणाऱ्या माणसाकडेच देते.

शांत_सकाळ

तुमच्याकडे तसा माणूस असतो म्हणून जमते. मला निम्म्या कामांत तो मिळत नाही. खुर्चीत न आलेल्या आईपेक्षा थोडा डागडुजी करावा लागणारा मेकअप मला परवडतो. रंगरेषा, तुम्ही त्या घरातल्या माणसांना भेटला आहात, तुम्हीच ठरवा.

पिना_आणि_क्लिपा

विजेची आठवण करून देते. तीन खुर्च्या, दोन दिवे, ड्रायर आणि कुरळे करण्याचे यंत्र. ड्रायर आणि यंत्र एकाच एक्स्टेन्शनवर लावले तर पहाटे फ्यूज उडण्याची वेळ येऊ शकते, आणि फ्यूजची पेटी कुठे आहे हे त्या वेळी कोणालाच माहीत नसते. भिंतीवरच्या दोन वेगवेगळ्या जागा मागून घ्या. आणि साडेचारला बाहेर अंधार असतो, तेव्हा "खिडकीजवळची खोली देतो" या आश्वासनावर विसंबू नका. स्वतःचे दिवे न्या, दिवसाच्या उजेडाशी जुळणारे. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला फाउंडेशन सूर्य वर आल्यावर वेगळाच दिसतो.

खिडकीतला_उजेड

दिव्यांबद्दलच्या या मुद्द्याला माझा दुजोरा. आणखी एक विनंती: सर्वांनी तयार होताना पुढून उघडणारे सैल कपडे घालावेत असे संदेशात लिहा. डोक्यावरून काढायचा कपडा असला की केस आणि मेकअप दोन्हींची पुन्हा दहा मिनिटे जातात, आणि ती माझ्या वेळेतून जातात.

वेळेआधी

मला तारखेबद्दल सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी मला एका घरून संदेश आला होता, "शनिवारी रात्री साडेतीनला या." त्यांना म्हणायचे होते शुक्रवारची रात्र संपून शनिवार उजाडतानाचे साडेतीन. मी समजले शनिवारची रात्र संपून रविवार उजाडतानाचे. शुक्रवारी संध्याकाळी सहज फोन केला म्हणून वाचले. तेव्हापासून मी "रात्री" हा शब्द वापरत नाही. वार, तारीख, "पहाटे" आणि "म्हणजे शुक्रवारी रात्री झोपून उठल्यावर", इतके सगळे लिहिते. वाचणाऱ्याला ते जास्तीचे वाटले तरी चालेल.

धाकटी_लेक

घरच्यांच्या बाजूने एक विचारू का? आमच्याकडे त्या पहाटे आत्या आल्या आणि म्हणाल्या की माझाही करा. मेकअप करणाऱ्या ताईंना नाही म्हणताना किती अवघड गेले ते मी पाहिले. अशा वेळी घरच्यांनी काय करायला हवे?

ओंजळ

मी एका जास्तीच्या व्यक्तीची जागा आधीच धरून ठेवते आणि कोणी आली नाही तर तो वेळ नवरीला देते. शुभप्रसंगी नाही म्हणणे मला जमत नाही.

कुंचला

मी नाही म्हणते, आणि लेखी आधीच म्हणून ठेवते: बुधवारी संध्याकाळनंतर नावे वाढणार नाहीत. त्या पहाटे एक व्यक्ती वाढली की चाळीस मिनिटे वाढतात, आणि ती कोणाकडून घ्यायची हे ठरवण्याची वेळ माझ्यावर येऊ नये. पण ओंजळताईंसारखे काम करणाऱ्या अनेकजणी आहेत आणि त्यांचेही चालते. यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते.

रंगरेषा

आज मी परिचयातल्या एका मुलीवर तोच मेकअप पुन्हा केला. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत ९६ मिनिटे लागली. म्हणून साडेचारची वेळ कायम ठेवते आहे. आईंना ५० मिनिटे दिली आहेत, म्हणजे त्यांचे ७:१५ला संपेल. त्यांच्याशी मी स्वतः बोलले. त्या म्हणाल्या की सहानंतरच येईन, त्याआधी मन लागणार नाही. त्यामुळे क्रम तसाच ठेवला. शांत_सकाळ यांनी सांगितलेला धोका लक्षात घेऊन त्यांना ६:२० वाजता बोलावून आणण्याचे काम नवरीच्या मावसभावाकडे दिले आहे.

आज पाठवलेला संदेश असा:

"नमस्कार ताई. शनिवारच्या कामाची निश्चिती पाठवत आहे, कृपया पूर्ण वाचून उत्तर द्यावे. आम्ही तिघी शनिवारी पहाटे ४:३० वाजता, म्हणजे शुक्रवारी रात्री झोपून उठल्यावर, तयारीच्या खोलीत असू. त्यासाठी ४:२० वाजता फाटकाशी येऊ. फाटक आणि खोली उघडून देणाऱ्यांचे नाव व त्यांचा फोन क्रमांक कळवावा आणि त्यांनी त्या पहाटे फोनचा आवाज चालू ठेवावा. नवरीसह एकूण सहा जणी आहेत: मेकअप नवरी, तुम्ही, दोन मैत्रिणी आणि आई यांचा; केस नवरी, तुम्ही, दोन मैत्रिणी आणि भाची यांचे. ४:५५ वाजता नवरी केसांसाठी, तुम्ही माझ्याकडे आणि पहिली मैत्रीण माझ्या जोडीदाराकडे, अशा तिघींनी चेहरा धुऊन खुर्चीत बसावे. नवरीचा मेकअप ५:४० ते ७:३०. दुसऱ्या मैत्रिणीने ५:४०ला, आईंनी ६:२५ला आणि भाचीने ७:१५ला यावे. ७:३० ते ८:०० कपडे आणि दागिने. त्यानंतरची अखेरची नजर टाकूनच आम्ही निघू. सर्वांनी शुक्रवारी संध्याकाळी केस धुऊन पूर्ण वाळवावेत, तेल लावू नये, आणि पुढून उघडणारा सैल कपडा घालावा. खोलीत तीन खुर्च्या, एक मोठे टेबल आणि भिंतीवरच्या विजेच्या दोन वेगळ्या जागा लागतील. दिवे आम्ही आणू. नावांत बदल असल्यास बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवावा. त्यानंतर वाढलेल्या व्यक्तीसाठी वेळ देणे शक्य होणार नाही."

कुंचला

स्पष्ट आहे. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा पूर्ण संदेश पाठवू नका, कारण दोन लांब संदेश असले की लोक जुना उघडतात. फक्त "उद्या पहाटे ४:२० फाटकाशी" एवढेच आणि दार उघडणाऱ्याला एक फोन.

रंगरेषा

उत्तर आले आहे. वेळा मान्य आहेत, मावसभाऊ फाटकाशी थांबतील आणि त्यांचा क्रमांक मी लावून पाहिला. भाची पहाटे उठणार नाही म्हणून तिला सातला उठवतील, तिच्या खुर्चीच्या वेळेला ते चालते. फक्त एक गोष्ट उरली: नवरीच्या मावशींना मेकअप हवा असेल, पण त्यांचे येणेच अजून नक्की नाही, बुधवारी सांगू असे त्या म्हणतात.

पिना_आणि_क्लिपा

केसांच्या खुर्चीत जागा नाही. तिथे ७:३०पर्यंत कोणालाही बसवता येणार नाही.

कुंचला

आणि तुमची जोडीदार ७:१५ला मोकळी होते. ७:२० ते ८:०० या वेळात एक मेकअप बसतो, तोही तुमच्याकडे न येता. मावशी बुधवारी हो म्हणाल्या तर त्यांना हीच एक वेळ द्या, केस घरून करून यावेत असे सांगा, आणि आईंना उशीर झाला तर मावशींचा वेळ आईंना जाईल हेही त्याच वाक्यात लिहा.

रंगरेषा

तसेच लिहिते. बुधवारी काय झाले ते इथे कळवीन.